गळा निववायची पाच मिनिटं

भाद्रपद सरत आला की विमला धनावड्यांच्या फाटकासमोरून जाताना वाडीतली माणसं आवाज खाली करत. सायकलवरची पोरं घंटी वाजवायची थांबत. कुणी नव्याने आलेलं माहेरवाशीण-पाहुणं फाटकातून हाक मारायला गेलं, तर सोबतचं माणूस त्याचा हात धरी. काकींचं मौन चालू आहे, दसऱ्यापर्यंत त्या बोलत नाहीत, गळा राखतात, असं हळू सांगितलं जाई. मग पाहुणं आदराने कौलारू पडवीकडे बघे. पडवीत विमलाकाकी तांदूळ निवडत बसलेल्या असत. त्या हात जोडत. पाहुणंही हात जोडून पुढे जाई.

गेली चार वर्षं हे असं चाललं होतं. या मौनाची सुरुवात कशी झाली, ते मात्र वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

काशीराम धनावडे गेले त्याला पाच वर्षं झाली. त्यानंतरच्या पहिल्या नवरात्राआधी महिला भजन मंडळाची पेटी वाजवणारी ईशा तालमीची वेळ सांगायला आली. तिने सहज म्हटलं, काकी, दोन दिवसांत तुमचा आवाजच नाही ऐकला. खरं तर दोन दिवस काकींशी कुणी बोललंच नव्हतं. मुलगा विनीत नालासोपाऱ्याला, त्याचा फोन रविवारी. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जाई. पण हे ईशाला कसं सांगणार? कुणी बोलायला नाही असं म्हटलं की माणूस समोर केविलवाणं दिसतं. काकींना तसं दिसायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "गळा राखतंय गो. नऊ दिवस गायचं म्हणजे खेळ नाय."

ईशाने ते चार घरी सांगितलं. चार घरांतून वाडीत पसरलं. पुढच्या वर्षी मंडळातल्या बायकांनीच विचारलं, काकी, मौन कधीपासून? आणि काकींनी सांगितलं, भाद्रपद सरत आला की. अशा रीतीने कुणी बोलत नाही त्याला एक नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यावर उरलेसुरलेलेही बोलायचे थांबले. काही हवंच असलं तर काकी पाटीवर लिहून दाखवत, फार झालं तर कुजबुजत. काकींना वाटे, मान तरी मिळतो. मान मिळत होता, हेही खरंच.

गाणं मात्र खरं होतं. वाघजाईच्या देवळात घटस्थापनेपासून नवव्या माळेपर्यंत रोज दुपारी तीन ते साडेपाच महिला मंडळाचं भजन, आणि सकाळी ज्या घरी घट बसलेले असतील त्यांच्या आमंत्रणावरून आणखी दीड-दोन तास. या सगळ्याला मुख्य गळा काकींचा. तरुणपणी त्या काजू फॅक्टरीत होत्या. तिथे मान खाली घालून बिया सोलायच्या, बोलायला बंदी. त्यामुळे भरला आवाज घरी येऊन देवासमोरच निघे, आणि निघे तो सगळा एकदम. पहिल्या अभंगाला बसायच्या आधी काकी जोरात खाकरत. तो आवाज देवळाबाहेरच्या पारापर्यंत जाई आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना कळे की भजन सुरू होतंय. मग पहिलीच ओळ वरच्या पट्टीत, काळी पाचमध्ये, भरल्या गळ्याने. शेवटाला गजर, गजराचा वेग वाढत वाढत जाई, आणि अगदी टोकाला सगळ्याजणी जीव खाऊन देवीचा उदो करत. तो उदो संपला की काकी उठत, देवीला नमस्कार करत आणि एक अक्षर न बोलता घरी चालू लागत. बायका म्हणत, काय तो संयम.

मागच्या वर्षी सातव्या माळेला तो गळा फुटला. गजर ऐन भरात असताना काकींनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्यांनी परत उघडलं. परत हवा. बाजूला बसलेल्या वेदिकाने, ती मंडळातली सगळ्यांत चांगली जोडगायिका, झटकन ओळ उचलली आणि गजर पुरा केला. उरलेले दोन दिवस काकी टाळ घेऊन बसल्या. दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला आलेल्या ईशाने चपला घालता घालता सांगितलं, "काकी, पुढच्या वर्षी बघू हां कसं करायचं ते. वेदिकापण तयार होतेच आहे."

तेव्हापासून काकींच्या मनात एकच धाकधूक होती. मुख्य गळा गेला, की सकाळची आमंत्रणं वेदिकाला जाणार. मग वर्षभरात आपल्या फाटकातून आत यायचं कारण कुणाला उरणार?

या वर्षी श्रावणातल्या सोमवारच्या भजनांनी आवाज बसला तो तीन आठवडे सुटला नाही. ज्येष्ठमध झालं, लवंग झाली, हळदीचं दूध झालं. शेवटी ईशाच त्यांना रत्नागिरीला घेऊन गेली. घशाच्या डॉक्टरांनी बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि पडद्यावर काकींना त्यांचाच गळा दाखवला. दोन पांढुरक्या पट्ट्या, मिटत होत्या, उघडत होत्या. कडा थोड्या सुजलेल्या. डॉक्टर म्हणाले, गाठ नाही, वेळेवर आलात. काही दिवस गाणं बंद, आणि शेजारच्या खोलीत आवाजाचे व्यायाम शिकवणारी नम्रता नावाची मुलगी बसते तिला भेटा.

नम्रता असेल तिशीची. तिने आधी काकींना काही शिकवलंच नाही, नुसतं विचारलं. किती तास गाता, कुठल्या पट्टीत, पाणी किती, चहा किती. काकी कुजबुजत उत्तरं देत होत्या. नम्रताने थांबवलं. कुजबुजू नका, म्हणाली, कुजबुजताना त्या पट्ट्या ताणल्या जातात, त्यांना विश्रांती मिळत नाही. साध्या आवाजात हळू बोला. आणि खाकरणं सोडा. खाकरताना त्या एकमेकींवर आपटतात. घशात काही अडकल्यासारखं वाटलं तर पाण्याचा घोट घ्या किंवा नुसतं गिळा.

काकींनी मान हलवली. मग नम्रताने सहज विचारलं, "दिवसाला बोलणं किती होतं तुमचं?"

ईशा अभिमानाने मौनाबद्दल सांगू लागली. नम्रता ऐकत राहिली, आणि मग ईशाला तिने औषधाची चिठ्ठी देऊन खाली पाठवलं. काकी एकट्या उरल्यावर तिने तोच प्रश्न पुन्हा केला, आणि मौन नसताना, असं पुढे जोडलं.

काकींनी विचार केला. सोमवारी दूधवाल्याला 'उद्या नको' म्हटलं होतं. मंगळवारी काही नाही. बुधवारी मांजरीला हाकललं होतं. त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. सांगताना हसायचा प्रयत्न केला.

नम्रता हसली नाही. ती म्हणाली, "काकी, थकल्यावर गळ्याला गप्प बसू द्यायचं, ते बरोबरच आहे. पण तुमचा गळा महिनोन् महिने गार पडलेला असतो आणि मग एक दिवस अडीच तास पेटतो. पेटतो तो एकदम, विझतो तोही एकदम. तुम्हाला गाण्याआधी तापवायला पाहिजे आणि गाण्यानंतर निववायला."

मग तिने शिकवलं. गाण्याआधी दहा-बारा मिनिटं. आधी मान आणि खांदे सैल, जबडा तळव्यांनी वरून खाली चोळून सोडायचा. नाकाने श्वास, पोट फुगेल असा, खांदे न उचलता. मग ओठ ढिले ठेवून फुरफुर, लहान मूल गाडी चालवतं तशी, तिच्यात आवाज मिसळून. मग ओठ मिटून गुणगुण, ती नाकाच्या आसपास थरथरली पाहिजे, गळ्यात दाटली नाही पाहिजे. मग पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन त्यात नळी बुडवायची आणि नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, तो 'ऊ' खालून वर, वरून खाली सावकाश सरकवायचा. सगळं हळू आवाजात. दुखलं तर थांबायचं. त्यानंतर खालच्या सुरातला एखादा अभंग, आणि मग कुठे वरची पट्टी. आणि काळी पाच कशाला हवी, तिच्याखालची पांढरी पाच करून बघा.

काकींना एकच अडचण दिसली, नळी कुठून आणायची. त्यांनी विचारलं, पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, तो चालेल? नम्रता पहिल्यांदा मोकळी हसली. चीक असतो हो त्याला, घशात गेला तर भलतंच व्हायचं. शहाळेवाल्याकडून मागून घ्या.

गाण्यानंतरचे व्यायाम थोडे होते. पाणी. बुडबुडे, या वेळी वरून खाली येणारे. मंद गुणगुण, सूर उतरत उतरत. मान सैल. आणि शेवटी पाच मिनिटं साधं बोलणं, आपल्या रोजच्या पट्टीत, म्हणजे गाण्याच्या वरच्या सुरात अडकलेला गळा त्याच्या घरी परत येतो. मग खुशाल गप्प बसा, तेव्हा बसलंच पाहिजे.

"बोलायचं कुणाशी?" काकींनी विचारलं.

नम्रता लिहीत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "कुणाशीही. घरी जे असेल त्याच्याशी."

गणपतीत काकी गायल्या नाहीत. तशाही आरत्या पुरुषांच्याच. नंतरच्या पंधरवड्यात त्यांनी व्यायाम सुरू केले. शहाळेवाल्याने दोन नळ्या दिल्या, एक मांजरीने पळवली. सकाळी मागल्या पडवीत, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याकडे तोंड करून, काकी ओठांची फुरफुर करत. पहिल्या दिवशी ओठ तीनदा थडथडले आणि थुंकी उडाली. आठवड्याने फुरफुर लांबली. पेल्यातले बुडबुडे आधी धडपडत, मग एकसारखे येऊ लागले. आवाजातली खरखर आधी सकाळची गेली, मग संध्याकाळची. तपासणीला गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, सूज उतरली, गा, पण बाईने सांगितलंय ते सोडू नका.

तालमीत ईशाने पेटी पांढरी पाचला लावली तेव्हा बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मंडळ सुरू झाल्यापासून काळी पाच होती. वेदिका म्हणाली, मलाही बरं पडेल काकी, माझीपण वर शीर ताणते. ती गोष्ट तिथेच मिटली. मुख्य गळा काकींचा, असं ठरलं, पण ईशाने वेदिकाला सगळे अभंग पाठ करून ठेवायला सांगितलं. काकींसमोरच सांगितलं.

राहिली ती बोलण्याची पाच मिनिटं.

काकींनी आधी मांजरीवर प्रयोग केला. मांजर दोन वाक्यांनंतर उठून गेली. मग काशीरामांच्या तसबिरीसमोर बसल्या. काशीराम जिवंतपणीही फार बोलणारे नव्हते, पण हं तरी म्हणत. तसबिरीशी बोलताना काकींचा आवाज आपोआप देवाशी बोलल्यासारखा होई, वर चढे, आणि नम्रताने तर रोजच्या पट्टीत म्हटलं होतं. रोजची पट्टी म्हणजे कुठली, हेच काकींना आठवेना. आपण सहज बोलतो तेव्हा कसा आवाज असतो आपला?

त्यांनी विनीतला फोन केला, मंगळवारी. तो घाबरलाच. काय झालं आई, पडलीस का? काही नाही, बोलायचं होतं, डॉक्टरनी सांगितलंय बोलायला. विनीत म्हणाला, बोल ना. मागे मशीनचा आवाज येत होता. काकींनी विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, जेवलो. मिनिटभराने विनीत म्हणाला, रविवारी करतो. फोन एक मिनिट पन्नास सेकंदांचा झाला होता.

घटस्थापनेच्या दिवशी देवळात जाण्याआधी काकींनी फुरफुर, गुणगुण, बुडबुडे असं सगळं केलं. देवळात खाकरल्या नाहीत. पारावरच्या म्हाताऱ्यांना भजन सुरू झाल्याचं अर्धा अभंग झाल्यावर कळलं. मधूनमधून पाण्याचे घोट घेतले. शेवटच्या उदोला काकींनी आवाज आखडता घेतला. घरी येऊन नळी पेल्यात बुडवली, सूर वरून खाली आणला, गुणगुणल्या, आणि तिथेच थांबल्या. बोलायला कोण? वाडी दिवेलागणीच्या कामात होती, आणि वाडीसाठी काकींचं मौन चालूच होतं. दुसऱ्या माळेलाही तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या तेव्हा गळा आवळल्यासारखा वाटला. बुडबुडे वरच्या टोकाला तुटले. मागच्या वर्षीची सातवी माळ आठवली.

त्या दिवशी भजन संपवून परत येताना फाटकाबाहेरच्या एसटीच्या थांब्यावर त्यांना बिल्किस दिसली.

बिल्किस मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी घेऊन यायची. एरवी तिची हाक सकाळी नऊला वाडीत येई आणि काकींच्या फाटकाशी ती हमखास टेकायची. बांगडा घ्या न घ्या, पाण्याचा तांब्या मागायचीच. श्रावणात आणि नवरात्रात मात्र वाडीत कुणी मासळी घेत नसे, म्हणून त्या दिवसांत ती वरच्या गावातल्या मोहल्ल्यात विकी आणि पावणेसहाची एसटी धरायला इथे येऊन बसे. रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसायची. गेली चार वर्षं काकी तिच्यासमोरून हात जोडून जात, आणि बिल्किस मान लववे. तिने एकदा वेदिकाला विचारलं होतं, आमच्यातही रोजा असतो, पण बोलायचा रोजा नाय ऐकला कधी.

काकींनी फाटकाला हात घातला. मग हात काढून घेतला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. केरू गवळी म्हशी घेऊन लांबच्या वळणावर होता. काकी थांब्यावर आल्या आणि म्हणाल्या, "बिल्किस, पाच मिनिटं बोल माझ्याशी."

बिल्किसने आधी आपल्या मागे वळून पाहिलं, कुणी दुसरं बोलतंय का म्हणून.

"मोडला काय गो रोजा?"

"डॉक्टरनी सांगितलाय बोलायला. गायल्यावर पाच मिनिटं, हळू, साध्या आवाजात."

"आणि मग?"

"मग गप्प."

"माझ्या नवऱ्याला पायजे होता असला डॉक्टर," बिल्किस म्हणाली. "पण तो मला बोलायला पाच मिनिटंपण देत नाय." आणि टोपलीवरून सरकून तिने अर्धी जागा केली. काकी टोपलीवर बसल्या नाहीत, नवरात्र होतं. त्या बाजूच्या चिऱ्यावर बसल्या. बिल्किसला त्याचं काही वाटलं नाही, तिने उलट टोपली आणखी दोन हात लांब सरकवली.

मग बिल्किसने विचारलं, तू गातेस म्हणजे नक्की करतेस काय? काकींनी फुरफुरीपासून सांगितलं. बुडबुड्यांचं ऐकून बिल्किस इतकी हसली की तिला ठसका लागला. पण मग ती गंभीर झाली. म्हणाली, माझंपण तसंच आहे की. बंदरावरून निघाल्यावर पहिल्या आळीत मी हाक हळू देते, दुसऱ्या आळीत जरा वर, आणि तिसऱ्या आळीत पोचले की मग काय ती उघडते. पहिल्याच आळीत ओरडलं तर दुपारपर्यंत गळा राहत नाही. माझी आई असंच करायची. तिला काय कुणी शिकवलं नव्हतं.

एसटी सहाला दहा कमी असताना आली. पाच मिनिटांची बारा झाली होती. घरात शिरताना काकींच्या लक्षात आलं, आपण चहाला आधण ठेवताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटतोय आणि तो आवाज ओळखीचा आहे. जरासा जाड, जरासा खाली. फॅक्टरीतून सुटल्यावर रस्त्याने मैत्रिणींशी बोलत यायच्या तेव्हाचा.

चौथ्या माळेला सकाळी गळा मोकळा होता.

मग रोज तेच. भजन झालं की काकी घरी येऊन पाणी पीत, पेला-नळी, गुणगुण, मान सैल, आणि थांब्यावर. बिल्किसने आपल्या उमेरचं सांगितलं, तो कुवेतला आहे, दर शुक्रवारी फोन करतो आणि फोनवर सगळा वेळ त्याची बायकोच बोलते. काकींनी विनीतच्या एक मिनिट पन्नास सेकंदांचं सांगितलं. ते सांगताना त्यांना वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. एकदा काकींचा आवाज बोलता बोलता वर चढला, तर बिल्किस म्हणाली, खाली ये गो, देऊळ मागे राहिलं. नंतर दोघी गप्प बसून एसटीची वाट पाहत. ते गप्प बसणंही निराळं होतं.

केरू गवळ्याने हे पाहिलं असणारच. पण तो गुरांशिवाय कुणाशी फार बोलत नसे.

सातव्या माळेला देऊळ भरलं होतं. मागच्या वर्षीचं सगळ्यांना आठवत होतं, म्हणूनच भरलं असावं. गजराचा वेग वाढला. वेदिका काकींकडे बघत होती, ओळ उचलायच्या तयारीत, ओठ अर्धवट उघडे ठेवून. काकींनी पोटातून श्वास घेतला, सूर लागला, आणि राहिला. वेदिकाने ओठ मिटले आणि हसून टाळ धरला. आठवी माळ, नववी माळ. नवव्या दिवशी साडेपाचला शेवटचा उदो झाला तेव्हा काकींचा गळा थकला होता, पण शाबूत होता.

ईशाने पेटीचा भाता बंद केला आणि ती उठून उभी राहिली. मंडळातर्फे काकींना साडी-नारळ द्यायचं ठरलं होतं. तिने चार शब्द सांगितले. काकींनी बासष्टाव्या वर्षी नऊच्या नऊ माळा गायल्या, याचं श्रेय त्यांच्या मौनाला आहे, आजच्या मुलींनी हे शिकण्यासारखं आहे, सारखं बोलत राहिलं की वाणीत ताकद उरत नाही. समोरच्या दोन मुलींनी माना खाली घातल्या. वेदिका म्हणाली, पुढच्या वर्षीपासून आपण सगळ्याजणींनीच मौन धरायचं का?

काकींच्या हातात नारळ होता. साडी-नारळ घेऊन हात जोडले असते तर झालं असतं. चार वर्षं तेच केलं होतं. मुख्य गळा राहिला होता, मान राहिला होता. पण त्या दोन मुलींच्या खाली घातलेल्या माना त्यांना दिसत होत्या.

"मी या वर्षी मौन धरलं नाय," त्या म्हणाल्या.

त्यांचा बोलायचा आवाज नवरात्रात बऱ्याचजणींनी चार वर्षांत प्रथम ऐकला. बारीकशी कुजबुज झाली आणि थांबली.

"गप्प राहून गळा बिघडलेला. बोलून सुधारला. गायच्या आधी तापवायचा, गायल्यावर निववायचा, मग पाच मिनिटं कुणाशी तरी बोलायचं, असं रत्नागिरीच्या त्या बाईंनी शिकवलंन. तुम्ही पोरींनी मौन धरू नका."

ईशाने न समजून विचारलं, "पण काकी, तुम्ही बोललात कुणाशी?"

प्रश्न साधाच होता. तरी तो विचारून झाल्यावर ईशाचाच चेहरा बदलला. वाडीतल्या साठ घरांपैकी एकातही गाण्याशिवाय काकी गेल्या नव्हत्या, आणि त्यांच्याकडे कुणी गेलं नव्हतं, हे तिला बोलता बोलता कळलं असावं. आजूबाजूच्या बायकाही आठवू लागल्या, आपल्याशी का, तुझ्याशी का?

"थांब्यावर," काकी म्हणाल्या. "बिल्किसशी."

कुणीतरी म्हणालं, मासळीवाली? नवरात्रात? दुसरी म्हणाली, मग काय झालं, मासळी थोडीच घेतली. नारळ-साडी झालीच होती, प्रसाद वाटायचा होता. काकींनी नमस्कार केला आणि त्या निघाल्या. त्या दिवशी त्यांना कुणी हात जोडले नाहीत, आणि कुणी हाकही मारली नाही. दोन्हींतलं काय करायचं हे अजून वाडीचं ठरलं नव्हतं.

दसऱ्याला ईशा आणि वेदिका सोनं द्यायला आल्या. वेदिकाने नळीचा व्यायाम दाखवायला सांगितला, पेल्यात बुडबुडे काढून पाहिले, अंगावर पाणी उडवून घेतलं. अर्धा तास बसल्या. चपला घालता घालता ईशा म्हणाली, "येत जाईन काकी." काकींनी ते ऐकून घेतलं. ईशाला दोन मुलं, सासू, शिवाय पतपेढीतली नोकरी. येईल तेव्हा खरं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भजन नव्हतं. फुरफुर नव्हती, म्हणून मागल्या पडवीसमोरचा गडगा सकाळभर कोरडा. बिल्किसची हाक नऊला येईल असं काकींना वाटलं होतं, आली नाही. वरच्या गावात लग्नाची मोठी मागणी होती, असं त्यांना मागाहून कळलं. तीन वाजले, साडेतीन वाजले. साडेपाचला काकींनी पेला घेतला, नळी घेतली. गायल्या नव्हत्या, म्हणजे निववायला काही नव्हतं. तरी सूर वरून खाली आणला, आणि थांब्यावर गेल्या.

बिल्किस टोपली उपडी घालून बसली होती.

"आज भजन कुठे होतं?" तिने विचारलं.

"नव्हतं."

"मग?"

काकी टोपलीवर अर्ध्या जागेत टेकल्या. आज नवरात्र नव्हतं. "काल काय झालं सांगते," त्या म्हणाल्या. "दुपारी ईशा आली सोनं घेऊन, बरोबर वेदिका. तर वेदिका पेला हातात घेऊन म्हणते कशी—"

एसटी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती वेळेवर आली होती. बिल्किसने टोपली काखोटीला मारली, पायरीवर चढून म्हणाली, उद्या सांग, उद्या नऊला येते, आणि दार लागलं. वळणावर केरूच्या म्हशींसाठी गाडीने हॉर्न दिला आणि मग तोही ऐकू यायचा थांबला.

काकी मग बाजूच्या चिऱ्यावर जाऊन बसल्या. वाक्य अर्धंच राहिलं होतं. त्यांनी ते पुरं केलं, रिकाम्या रस्त्याला, हळू, आपल्या रोजच्या पट्टीत.